गोळी बंद केल्यावर दुखणं कमी झालं, तर दोष गोळीचाच का?

"माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत. जूनमध्ये त्यांना अटॅक आला, छत्रपती संभाजीनगरला एक स्टेंट बसवला. तेव्हापासून रात्री कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४०. आधी एलडीएल १६४ होतं, सप्टेंबरात ८० आलं. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांच्या दोन्ही पिंढऱ्या आणि उजवा गुडघा दुखायला लागला. भावकीतल्या एकांनी सांगितलं की या गोळीनं मांस झिजतं आणि लिव्हर खराब होतं, मोबाईलवरही तेच पाहिलं. मग आम्ही गोळी बंद केली, वीस दिवस झाले. दुखणं कमी आहे पण गेलं नाही. मधे तालुक्याला दोन दिवस कमरेत इंजेक्शनं घेतली आणि दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं. सीपीके ३१० आलं, पुढे 'जास्त' लिहिलंय. एलडीएल १५८ झालंय. गोळी परत द्यावी का?"
– एक बहीण, मानवत तालुका, जिल्हा परभणी

ताई, गोळी परत सुरू करायची आहे, आणि त्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं आहे. पण त्याआधी, हे वाचून झाल्याबरोबर, एक काम करा. बंद केलेल्या गोळीचं पाकीट हातात घ्या आणि त्यावर अ‍ॅटोरव्हास्टॅटिनशिवाय आणखी काही नावं छापली आहेत का ते कुणाकडून तरी वाचून घ्या. आपल्याकडे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसारखं स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तिन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. घरात तिला 'कोलेस्टेरॉलची गोळी' म्हणतात आणि ती बंद केली की स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ न देणारी दोन औषधंही त्याच दिवशी बंद होतात. स्टेंट बसून जेमतेम सहा महिने झाले आहेत. ही दोन औषधं अटॅकनंतर साधारण वर्षभर जोडीनं चालवतात. पाकिटावर ती नावं असतील तर आठवड्याची वाट पाहू नका. आजच स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता गोळी काय करते ते बघू. ते नीट कळलं की लिव्हरची भीती आणि मांसाची भीती दोन्हींचं वजन आपोआप कळेल.

आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, शरीर स्वतः तयार करतं, आणि त्यात लिव्हरचा वाटा मोठा असतो. लिव्हरच्या पेशीत ते पायरीपायरीनं बनतं. त्यातली एक पायरी अशी आहे की तिथं सगळ्या कामाचा वेग ठरतो. त्या पायरीवर काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव एचएमजी-सीओए रिडक्टेज. स्टॅटिनचा रेणू त्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतो आणि खऱ्या कच्च्या मालाला आत येऊ देत नाही. पेशीतलं उत्पादन कमी होतं. १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांनी हे काम करणारा पहिला पदार्थ एका बुरशीत शोधला.

बहुतेकांना वाटतं की गोष्ट इथं संपली: उत्पादन कमी झालं, म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं. मुख्य परिणाम मात्र याच्या पुढच्या पायरीवर होतो. लिव्हरच्या पेशीला कोलेस्टेरॉल लागतंच. पित्त बनवायला लागतं, पेशीचं आवरण टिकवायला लागतं. आतलं कमी पडलं की पेशी ते ओळखते आणि आपल्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पकडणारे रिसेप्टर जास्त संख्येनं आणून बसवते. घरची विहीर आटली की आपण जास्त हंडे घेऊन गावच्या टाकीवर जातो आणि टाकीची पातळी उतरते, तसंच हे आहे. इथं टाकी म्हणजे रक्त आणि हंडे म्हणजे रिसेप्टर. एक रिसेप्टर एलडीएलचा कण पकडून आत नेतो, तिथं सोडतो आणि साधारण दहा मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर येतो. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोघांनी या रिसेप्टरचं काम उलगडलं आणि त्याबद्दल त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे स्टॅटिन रक्तातलं कोलेस्टेरॉल विरघळवत नाही, लिव्हरला मारत तर नाहीच. ते लिव्हरकडून जास्त सफाई करून घेतं. तुमच्या आकड्यांत हे स्वच्छ दिसतं. १६४ वरून ८० म्हणजे जवळपास निम्मं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० कडून एवढीच अपेक्षा असते. मिस्टरांनी गोळी नेमानं घेतली आणि लिव्हरनं तिला चोख प्रतिसाद दिला, हे या दोन आकड्यांतून मी खात्रीनं सांगू शकतो. वीस दिवस गोळी थांबली तसे जास्तीचे रिसेप्टर कमी झाले आणि आकडा १५८ वर परत गेला. गोळीचा परिणाम ती चालू असेपर्यंतच असतो. 'एलडीएल नॉर्मल आलं, आता गोळी कशाला' हे म्हणणं त्यामुळेच चुकतं.

लिव्हर खराब होतं या समजुतीला थोडा आधार आहे, पण थोडाच. काही जणांत लिव्हरच्या तपासणीतला एसजीपीटी हा आकडा थोडा वाढतो, मोठ्या डोसवर जरा जास्त. बहुतेक वेळा तो आपणहून खाली येतो. वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे जाणारी वाढ शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी लोकांत दिसते आणि खरी गंभीर इजा फारच विरळा. चरबीयुक्त लिव्हर असेल तरी स्टॅटिन चालतं. डोळे पिवळे झाले, भूक पार गेली, लघवी गडद झाली तर लगेच दाखवायचं. एरवी एसजीपीटी एकदा बघून ठेवलं की पुरे.

मांसाच्या दुखण्याचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

स्टॅटिन लिव्हरमध्ये जास्त का साठतं, तर लिव्हरच्या पेशींवर औषध आत ओढून घेणारे खास वाहक असतात. पोटातून आलेली गोळी आधी लिव्हरमधून जाते आणि तिचा मोठा भाग तिथंच अडतो. थोडा अंश पुढे रक्तात आणि स्नायूंत पोचतो. हा अंश वाढला तर स्नायूंना त्रास होऊ शकतो. तेव्हा स्टॅटिननं स्नायू दुखणं ही अफवा नाही, ते घडतं. प्रश्न एवढाच आहे की स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचे पाय दुखले, तर ते स्टॅटिननं दुखण्याची शक्यता किती.

याचं उत्तर शोधायला खऱ्या गोळीची तुलना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळीशी करावी लागते, आणि कुणाला कुठली मिळाली हे घेणाऱ्यालाही कळू द्यायचं नसतं. अशा १९ मोठ्या चाचण्यांची, एकूण १,२३,९४० माणसांची माहिती २०२२ मध्ये एकत्र तपासली गेली. चार-साडेचार वर्षांत स्टॅटिन घेणाऱ्या १०० पैकी २७.१ जणांनी स्नायूंचं दुखणं किंवा अशक्तपणा सांगितला. खोटी गोळी घेणाऱ्यांत हाच आकडा २६.६ होता. पन्नाशी-साठीच्या माणसांचे पाय, कंबर, खांदे दुखतात; गोळी असो वा नसो, चौघांत एकाचे दुखतातच. जो थोडा फरक आढळला तो मुख्यतः पहिल्या वर्षातला होता: दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण ११ जास्त. हिशेब केला तर पहिल्या वर्षात स्टॅटिन घेताना दुखणाऱ्या पंधरा जणांपैकी एकाच्या दुखण्याचं कारण खरोखर स्टॅटिन होतं, उरलेल्या चौदांचं कारण दुसरंच होतं.

तुम्ही म्हणाल, पण आमचं तर गोळी बंद केल्यावर कमी झालं. ताई, तुमच्या पत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि नेमका हाच तपासायला लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये सॅमसन नावाची चाचणी झाली. त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेली ६० माणसं त्यात घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २०, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात काय, हे चिठ्ठ्यांप्रमाणे ठरलेलं. त्रास किती हे रोज शून्य ते शंभरात नोंदवायचं. गोळीच नसलेल्या महिन्यांत सरासरी ८ आली. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आली. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. गोळी घेतल्यानं त्रास दुप्पट झाला हे खरं, पण त्या वाढीतला नव्वद टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनंही तसाच आणला. बंद केल्यावर बरं वाटण्याचंही तसंच: खोटी गोळी थांबवल्यावर लोकांना तेवढाच आराम पडला. आपापले आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या माणसांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

याचा अर्थ ती माणसं खोटं बोलत होती किंवा दुखणं त्यांच्या मनात होतं, असा कृपा करून काढू नका, आणि मिस्टरांना तसं कधी म्हणूही नका. दुखणं खरं असतं. गोळीनं त्रास होणार असं मनात असलं की रोजच्या अंगदुखीकडे लक्ष जास्त जातं, शरीर ती जास्त तीव्रतेनं जाणवू देतं, आणि तिचं खापर गोळीवर फुटतं. वैद्यकात याला नोसीबो परिणाम म्हणतात. भावकीतल्या माणसानं सांगितल्यावर आणि मोबाईलवर पाहिल्यावर कुणाचंही हेच होईल.

आता तुमच्या घरची गोष्ट तारखा लावून पाहू.

स्टॅटिनचं खरं दुखणं बहुधा गोळी सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून पहिल्या चार ते सहा आठवड्यांत सुरू होतं. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि मोठ्या स्नायूंत असतं: मांड्या, कुल्ले, पिंढऱ्या, कधी खांदे. बंद केल्यावर साधारण दोन आठवड्यांत, फार तर चारांत ते जातं. मिस्टरांची गोळी जूनपासून तीच, डोसही तोच. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे चार महिने काही दुखलं नाही. दुखणं आलं ते वेचणीच्या दिवसांत. अटॅकनंतर इतके महिने शेतातल्या कामाची सवय मोडलेली, आणि मग एकदम कमरेला ओटी बांधून तास न् तास वाकून वेचायचं, भरलेली ओटी घेऊन सरीवरंब्यातून चालत बांधावर यायचं. सवय नसलेल्या स्नायूवर असा ताण पडला की धडधाकट माणसाच्याही पिंढऱ्या चढतात. उजवा गुडघा तर सांधा आहे. एकच गुडघा दुखणं हा स्टॅटिनचा ढंग नाही. आणि आराम पडला त्याच काळात त्यांनी वेचणीही थांबवली होती का? हे आठवून पहा. माझा अंदाज आहे की थांबवली असेल. वीस दिवसांनीही दुखणं पूर्ण गेलेलं नाही, हेही गोळीला दोषी ठरवत नाही.

दोन्ही पिंढऱ्या सारख्या दुखतात, एवढीच एक गोष्ट स्टॅटिनकडे बोट दाखवते. म्हणून शक्यता शून्य म्हणत नाही, पण कमी म्हणतो.

सीपीकेच्या आकड्याचं घ्या. सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम, स्नायूला इजा झाली की रक्तात येतं. पुरुषांत वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये २०० च्या आसपास असते. नेमकी किती ती तुमच्या रिपोर्टवर छापलेली असेल. ३१० म्हणजे दीडपट. स्टॅटिनच्या बाबतीत चौपटीच्या आत, म्हणजे इथं ८०० च्या आत असेल आणि अशक्तपणा नसेल तर घाबरत नाहीत. दहापटीच्या पुढे गेलं तर गोळी ताबडतोब बंद करतात. आणि ३१० हे तरी गोळीचं असेल का? गोळी बंद होऊन तेव्हा वीस दिवस होत आले होते. उलट आदल्या दोन दिवसांत कमरेत इंजेक्शनं झाली होती. स्नायूत सुई गेली, औषध गेलं की तिथल्या थोड्या तंतूंना इजा होते आणि सीपीके एक-दोन दिवस वाढलेलं राहतं. अंगमेहनतीनंही ते वाढतं. त्यामुळे ही तपासणी चुकीच्या दिवशी झाली, असंच मी म्हणेन. इंजेक्शनाशिवाय आठवडा जाऊ द्या, तपासणीआधी तीन-चार दिवस जड काम नको, आणि मग पुन्हा रक्त द्या.

त्याच वेळी टीएसएच, क्रिएटिनिन, एसजीपीटी, साखर आणि व्हिटॅमिन डी ही तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. टीएसएच विशेष महत्त्वाची आहे. थायरॉईड मंदावलेला असेल तर स्नायू दुखतात, सीपीके वाढतं आणि एलडीएलही वाढतं. अशा माणसाला स्टॅटिन मिळतं आणि दुखण्याचा दोष त्याच गोळीवर येतो, थायरॉईड तसाच राहून जातो. तो असेल तर आधी तो सुधारायचा. व्हिटॅमिन डीची कमतरता उन्हातान्हात राबणाऱ्यांतही सापडते, आणि तिच्यानंही मांड्या-पिंढऱ्या ठणकतात.

याशिवाय एका शक्यतेकडे तुमच्या पत्रात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि मला तिची जास्त काळजी आहे. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी साठली, त्याच्या पायांच्या रक्तवाहिन्यांतही ती साठलेली असू शकते. मिस्टरांना विचारा: पिंढरी बसल्या जागी दुखते, की ठराविक अंतर चालल्यावर दुखते? घरापासून पारापर्यंत गेलं की पिंढरीत गोळा येतो, दोन-पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं की जातो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो, असं असेल तर ते पायाच्या रक्तपुरवठ्याचं दुखणं आहे. पावलांवरची नाडी लागते का हे डॉक्टर हातानं पाहतील. घोट्याचं ब्लड प्रेशर दंडाच्या ब्लड प्रेशरशी ताडून पाहण्याची साधी तपासणी असते. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पटीपेक्षा कमी असेल तर अडथळा आहे असं समजतात. तसं निघालं तर स्टॅटिन बंद करणं म्हणजे नेमकं उलटं करणं ठरेल, कारण त्या आजारावर स्टॅटिन हेच एक मुख्य औषध आहे. दुखणं बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर थांबत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मात्र कमरेच्या मणक्याकडे पाहावं लागेल.

दुखण्यासाठी आणखी इंजेक्शनं घेऊ नका. अशा इंजेक्शनांत बहुधा डायक्लोफेनॅकसारखं औषध असतं. अटॅक येऊन गेलेल्या माणसात त्या जातीच्या औषधांनी पुन्हा अटॅकचा धोका वाढतो, आणि अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असताना पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गुडघा फार दुखला तर पॅरासिटामॉल चालेल, किती ते डॉक्टरांना विचारा. जाल तिथं आधी सांगा की स्टेंट आहे.

गोळी कशी परत सुरू करायची यात डॉक्टरांपुढे दोन वाटा आहेत. अशक्तपणा नसेल आणि सीपीके मर्यादेत असेल तर तीच ४० पुन्हा सुरू करता येते. मिस्टरांच्या मनात धास्ती जास्त असेल तर कमी डोसनं सुरू करून वर जाता येतं. इथं एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होत नाही. एलडीएल मूळ आकड्याच्या आणखी साधारण सहा टक्क्यांनीच उतरतं. कारण पेशी स्वस्थ बसत नाही. कोलेस्टेरॉल कमी पडल्याच्या त्याच इशाऱ्यावर ती अडवलेलं एन्झाइमही जास्त बनवते, आणि पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन जास्त सोडते, जे रिसेप्टर परत वर येण्याऐवजी आतच मोडले जातील असं करतं. त्यामुळे डोस वाढवत गेलं तसा फायदा थोडा थोडा वाढतो. उलटीकडून पाहिलं तर डोस कमी केल्यानं फार हरवत नाही. मिस्टरांचं मूळ १६४ धरलं तर ४० वर साधारण ८०, २० वर ९० च्या आसपास आणि १० वर १०० च्या आसपास येईल. म्हणजे पूर्ण बंद करून १५८ वर बसण्यापेक्षा चौथाई डोससुद्धा कितीतरी बरा.

अटॅक येऊन गेलेल्या माणसाला मात्र ८० देखील पुरत नाही. त्याचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, आपल्या देशातले तज्ज्ञ तर ५० च्या खाली म्हणतात. त्यासाठी स्टॅटिनच्या जोडीला इझेटिमाइब १० देतात. ही गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते आणि उरलेल्या आकड्याचा साधारण पाचवा हिस्सा आणखी उतरवते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० आणि इझेटिमाइब १० मिळून मिस्टरांचं ९० चं सत्तरच्या थोडं वर येईल, ४० सोबत दिलं तर ८० चं ६५ च्या आसपास. किती पुरतं ते रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील. डोस कमी करणं आणि इझेटिमाइब जोडणं हा पर्याय आहे का, असं तुम्ही आपणहून विचारा. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवी असं नाही. ती शरीरात बराच वेळ टिकते, तेव्हा सकाळी न्याहारीनंतर लक्षात राहत असेल तर सकाळी द्या.

सुरू केल्या दिवसापासून एक वही ठेवा. रोज रात्री जेवणानंतर, ठरल्या वेळेला, मिस्टरांनी त्या दिवसाच्या दुखण्याला शून्य ते दहा असा एक आकडा द्यायचा. शेजारी दुखलं कुठे ते लिहायचं, आणि त्या दिवशी काम काय झालं तेही: वेचणी, तुरीची सोंगणी, बाजारला जाणं, नुसता आराम. मागचा आकडा बघून आजचा देऊ नये, म्हणून आदलं पान झाकून लिहा. आजच्या दुखण्याचा आकडा तर गोळी सुरू करण्याआधीच लिहून ठेवा, तो तुमचा पाया. सहा आठवड्यांनी पानं उलटून पाहिली की आकडा गोळीबरोबर चढला की वेचणीबरोबर, हे डॉक्टरांच्या आधी तुम्हालाच दिसेल. सहा ते आठ आठवड्यांनी एलडीएल पुन्हा तपासायचं.

आकडा कामाशी काही संबंध न ठेवता त्या सुरुवातीच्या आकड्याच्या बराच वर गेला आणि दोन आठवडे तिथंच राहिला, तर तुमची शंका खरी असू शकते. तेव्हाही स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा. ते दोन ते चार आठवडे थांबवून दुसरं स्टॅटिन कमी डोसनं देतील, बहुधा रोसुव्हास्टॅटिन ५. आशियाई माणसांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी जास्त चढते, म्हणून आपल्याकडे ५ नं सुरुवात करणं शहाणपणाचं. एक स्टॅटिन न सोसणाऱ्या बहुतेकांना दुसरं, किंवा तेच कमी डोसनं सोसतं. कुठलंच सोसलं नाही तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड नावाची गोळी आहे. ती कोलेस्टेरॉलच्या त्याच साखळीत स्टॅटिनच्या आधीची पायरी अडवते, पण तिला चालू करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये असतं आणि स्नायूंत नसतं. म्हणून स्नायूंचा प्रश्न असणाऱ्यांना ती उपयोगी पडते. पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनंही आहेत, फक्त ती महाग पडतात.

एका ठिकाणी मात्र खरोखर सांभाळायचं आहे. काही औषधं अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं शरीरातलं विघटन अडवतात, मग रक्तातली पातळी चढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. गावाकडे सध्या गजकर्णासाठी मेडिकलवरून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणून महिना-महिना घेतात. ते त्यांतलं एक. खोकल्या-तापासाठी मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन हे दुसरं. गेल्या दोन महिन्यांत मिस्टरांनी यांपैकी काही घेतलं होतं का, हे डॉक्टरांना सांगाच. घेतलं असेल तर वर मांडलेला माझा अंदाज बदलतो. पुढे कधी ही औषधं लागलीच, तर तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचं की डोस कमी करायचा हे डॉक्टर ठरवतील.

आणि दुखण्यापेक्षा अशक्तपणाकडे जास्त लक्ष ठेवा. मिस्टरांना हात न टेकता बाजेवरून उठायला सांगा, उकिडवं बसून उभं राहायला सांगा, वरच्या फळीवर डबा ठेवायला सांगा. गुडघा दुखतो म्हणून सावकाश उठणं वेगळं, आणि जोर लावूनही उठताच न येणं वेगळं. हे दुसरं होत असेल, किंवा अंग फार दुखून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणात तुटत असल्याची ती खूण आहे. त्यानं किडनी बिघडू शकते. स्टॅटिननं असं होणं अतिशय विरळ आहे, दहा हजारांत एखाद्यालाच, पण तसं दिसलं तर गोळी त्याच क्षणी थांबवून रात्र असली तरी परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या. गोळी बंद करूनही अशक्तपणा आठवड्यागणिक वाढतच राहिला, तर त्यासाठी प्रतिकारशक्तीशी संबंधित एक वेगळी रक्ततपासणी करावी लागते. तेव्हा मेंदू आणि मज्जासंस्थेच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना जूनचं डिस्चार्ज कार्ड, सप्टेंबरचा आणि आताचा रिपोर्ट, आणि घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. रिकामी झालेली पाकिटं असतील तर तीही.